विश्लेषण : तृतीयपंथी बंद्यांना तुरुंगात ठेवायचे कुठे? वेगळी बराक संरक्षण कधी आणि शिक्षा कधी?

देशातील तुरुंगांमध्ये 2022 अखेर तृतीयपंथी बंद्यांची संख्या शंभरच्या आत होती, असे सरकारी आकडेवारी सांगते. त्यांना वेगळे ठेवा, सुरक्षित ठेवा, पण एकटे पाडू नका, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी 2022 मध्ये राज्यांना कळवले. कागदावर सरळ वाटणारी ही सूचना तुरुंगाच्या दारात पोहोचली की अडते. ती नेमकी कुठे आणि का अडते?

आधी आकडे, कारण गोम तिथेच आहे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग म्हणजे एनसीआरबी दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. अनेक वर्षे या अहवालात बंद्यांचे दोनच प्रकार होते, पुरुष आणि स्त्री. तृतीयपंथी बंद्यांची वेगळी नोंद व्हावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. त्यानंतर 2020 च्या अहवालापासून ती नोंद सुरू झाली. म्हणजे ‘नालसा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली, पण तुरुंगाच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना यायला आणखी सहा वर्षे लागली.

त्या रकान्यात 2020 अखेर 70, 2021 अखेर 91 आणि 2022 अखेर 97 अशी संख्या दिसते. 2022 मध्ये देशात एकूण 5 लाख 73 हजार 220 बंदी होते आणि तुरुंग 1,330. हे 97 जण प्रत्येकी वेगळ्या तुरुंगात आहेत असे धरले, तरी दहापैकी नऊहून अधिक तुरुंगांत एकही तृतीयपंथी बंदी नसणार. जिथे असेल तिथे बहुधा एक किंवा दोघे.

हा आकडा पूर्ण मानता येत नाही. तो 31 डिसेंबर या एका दिवसाचा आहे. शिवाय रकाना भरतो कोण? दाखल करून घेताना समोरच्या कारकुनाने ‘पुरुष’ लिहिले, तर ती व्यक्ती आकडेवारीपुरती पुरुषच राहते. तरीही संख्या फार कमी आहे हे खरे, आणि पुढचा सगळा गुंता याच कमी संख्येतून तयार होतो. शंभर बंद्यांसाठी बराक बांधता येते. एका बंद्यासाठी बराक बांधली तर तिला कोठडी म्हणतात.

कायदा काय म्हणतो?

देशातील बहुतेक तुरुंगांची मूळ चौकट 1894 च्या ब्रिटिशकालीन कारागृह कायद्याने आखून दिली. त्यातील कलम 27 बंद्यांना वेगवेगळे ठेवण्याविषयी आहे. स्त्रियांना पुरुषांपासून अशा रीतीने वेगळे ठेवावे की त्यांनी एकमेकांना पाहू नये, बोलू नये. कच्च्या कैद्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवावे. 21 वर्षांखालील मुलग्यांना मोठ्यांपासून वेगळे ठेवावे. कलम 24 नुसार आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची, मात्र स्त्री बंद्याची झडती स्त्री कर्मचाऱ्यानेच घ्यायची. या सगळ्यात तिसऱ्या कुणाचा विचार नाही. ज्या काळात हा कायदा झाला, त्या काळात सरकारदरबारी हिजडा समाजाची नोंद होत होती ती गुन्हेगार जमाती कायद्याखाली. तेव्हा विचार झाला नाही याचे आश्चर्य नाही.

2019 मध्ये संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा केला आणि 2020 मध्ये त्याचे नियम आले. शिक्षण, नोकरी, आरोग्य अशा बाबतीत भेदभाव करू नये, हे त्यात आहे. तुरुंगातील वास्तव्याचा तपशील मात्र त्यात नाही. ती पोकळी भरण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने 10 जानेवारी 2022 रोजी सर्व राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या.

त्यांतील मुख्य मुद्दे असे. पारलिंगी पुरुष (ट्रान्समॅन) आणि पारलिंगी स्त्री (ट्रान्सवुमन) यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष किंवा बराक असावी, स्वच्छतागृह आणि न्हाणीघरही वेगळे असावे. मात्र त्यामुळे ते पूर्णपणे एकटे पडणार नाहीत आणि त्यांच्यावर कलंकाचा शिक्का बसणार नाही, याची काळजी घ्यावी. दाखल करणे, वैद्यकीय तपासणी, झडती, कपडे, पोलीस बंदोबस्त या प्रत्येक टप्प्यावर व्यक्तीने स्वतः सांगितलेली ओळख मानावी. झडती त्या व्यक्तीच्या पसंतीच्या लिंगाच्या कर्मचाऱ्याने किंवा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्याने घ्यावी, आणि कपडे उतरवावे लागणार असतील तर आडोशाला. झडतीचा हेतू लपवलेली वस्तू शोधणे हा आहे, लिंग ठरवणे हा नाही. नोंदवहीत आणि संगणक प्रणालीत ‘तृतीयपंथी’ असा पर्याय असावा.

वाचायला हे सगळे बरे वाटते. अडचण अशी की ही सूचना आहे, आदेश नाही. तुरुंग हा घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे. केंद्र सुचवू शकते, नमुना कायदा पाठवू शकते (तसा तो 2023 मध्ये पाठवलाही). पण अधीक्षक चालतो तो आपल्या राज्याच्या कारागृह नियमावलीवर. त्या नियमावलीत शब्द बदलेपर्यंत दिल्लीचे पत्र फाइलमध्ये राहते.

तुरुंगाच्या दारात काय घडते?

एक उदाहरण टप्प्याटप्प्याने पाहू. ते काल्पनिक आहे, पण त्यातील प्रत्येक टप्पा प्रत्यक्ष प्रक्रियेतलाच आहे. समजा, एका जिल्ह्याच्या शहरात 27 वर्षांची एक पारलिंगी स्त्री मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली. ती दहा वर्षे स्त्री म्हणून राहते, गेली चार वर्षे हार्मोनची औषधे घेते. शस्त्रक्रिया झालेली नाही. आधार कार्डावर मात्र अजून जुने नाव आणि ‘पुरुष’.

पहिली चूक पोलीस ठाण्यातच होऊ शकते. अटकेच्या कागदावर आधारवरची माहिती उतरवली जाते. तोच मजकूर न्यायालयापुढे जातो आणि न्यायालयीन कोठडीच्या वॉरंटवरही तेच नाव, तेच लिंग येते. आता ती संध्याकाळी तुरुंगाच्या दारात उभी आहे. अंगावर साडी, केस लांब आणि वॉरंटवर ‘पुरुष’. तुरुंग अधिकाऱ्याला वॉरंटबाहेर जाता येत नाही. वॉरंट न्यायालयाचे आहे, त्यातला शब्द बदलायचा तर न्यायालयाकडेच जावे लागते.

संगणकशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर सगळी यंत्रणा एका ‘फील्ड’वर चालते आणि ते फील्ड सर्वांत आधी, सर्वांत घाईत भरले जाते. तुरुंगांच्या ई-प्रिझन्स प्रणालीत बंद्याची नोंद झाली की बराक, कपडे, झडतीचा कर्मचारी, रुग्णालयात नेताना सोबतचा पोलीस हे सगळे त्या एका नोंदीवरून ठरत जाते. सुरुवातीची नोंद चुकली की पुढे प्रत्येक टप्प्यावर नियम तंतोतंत पाळूनही निकाल चुकीचाच येतो. कुणी मुद्दाम छळ केला, असे दाखवताही येत नाही.

मग झडती. वॉरंटवर पुरुष, म्हणून पुरुष शिपाई. केंद्राच्या सूचनेप्रमाणे तिला विचारायला हवे : झडती कोणाकडून घ्यायची? तिने स्त्री कर्मचारी सांगितले, तर त्या स्त्री कर्मचाऱ्याचेही काही म्हणणे असू शकते, आणि ते ऐकून घ्यायला हवे. म्हणूनच सूचनेत वैद्यकीय कर्मचाऱ्याचा पर्याय ठेवला आहे. तो शहाणपणाचा आहे. फक्त लहान तुरुंगात संध्याकाळी सात वाजता प्रशिक्षित कंपाउंडर हजर असतो का, हा प्रश्न उरतो.

त्यानंतर डॉक्टरची तपासणी. इथे आणखी एक गफलत होते. दाखल होताना अंगावरच्या जखमा, आजार, चालू औषधे यांची नोंद करणे हे डॉक्टरचे काम आहे, आणि ते बंद्याच्याही हिताचे आहे, कारण पोलीस कोठडीत मारहाण झाली असेल तर ती इथेच कागदावर येते. पण तपासणीचा रोख ‘ही नेमकी कोण?’ याकडे वळला की ती तपासणी राहत नाही. ‘नालसा’ निकालाने ओळखीसाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा ठरवले, ते याच प्रवृत्तीला रोखण्यासाठी.

औषधांची नोंद झाली नाही तर हार्मोन एका दिवसात बंद होतात. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन अंडकोश काढलेले आहेत, त्यांच्या शरीरात मग कोणतेच लैंगिक हार्मोन पुरेसे उरत नाही. अंगातून वाफा येणे, थकवा, उदासी आणि लांबल्यास हाडे ठिसूळ होणे असा त्रास होतो. तुरुंगातील औषधांच्या यादीत ही औषधे नसली, तर जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावे लागते, आणि तिथे न्यायला पोलीस बंदोबस्त मिळावा लागतो. तो मिळेपर्यंत तारखांवर तारखा जातात. बंदोबस्ताअभावी रुग्णालयाची वारी हुकणे हे तर कोणत्याही बंद्याला चुकलेले नाही.

रात्री कुठे ठेवायचे?

आता मूळ प्रश्न. अधीक्षकापुढे चार वाटा आहेत आणि चारही अडचणीच्या.

पुरुषांची बराक ही सर्वांत सोपी आणि सर्वांत धोकादायक. 2022 च्या आकड्यांनुसार देशातील तुरुंग क्षमतेच्या 131 टक्के भरलेले होते. जिथे दोन पथाऱ्यांमध्ये वीतभर जागा नसते, तिथे संध्याकाळी कुलूप लागल्यापासून सकाळी उघडेपर्यंत पारलिंगी स्त्री किती सुरक्षित असेल, याचा अंदाज बांधायला अहवाल लागत नाही. छळ होतो तो बहुतेकदा याच तासांत, आणि पहाऱ्यावरचा शिपाई गजांच्या बाहेर असतो.

दुसरी वाट स्त्रियांच्या विभागाची. इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तुरुंगातील अनेक स्त्रिया स्वतः पुरुषी हिंसेतून गेलेल्या असतात. स्कॉटलंडमध्ये जानेवारी 2023 मध्ये बलात्काराच्या दोन गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या एका पारलिंगी स्त्रीला आधी स्त्रियांच्या तुरुंगात, तिथेही इतरांपासून वेगळे ठेवले गेले. गदारोळ झाला आणि काही दिवसांत तिला पुरुषांच्या तुरुंगात हलवण्यात आले. त्या प्रकरणातून एवढेच दिसते की फक्त ओळखीवरून, गुन्ह्याचे स्वरूप न पाहता जागा ठरवणे चुकते. मारामारीतली, चोरीतली किंवा भीक मागण्यावरून पकडलेली प्रत्येक पारलिंगी स्त्री धोकादायक आहे, असे मात्र त्यातून निघत नाही. आपल्याकडची चर्चा अनेकदा या दुसऱ्या टोकाला जाते.

तिसरी वाट दुसऱ्या तुरुंगाची. एखाद्या मध्यवर्ती कारागृहात तृतीयपंथीयांसाठी बराक असेल तर तिथे पाठवता येईल. चार-पाच जणी एकत्र असल्या तर एकटेपणाचा प्रश्न सुटतो. पण ती कच्ची कैदी आहे. तिचा खटला तिच्या जिल्ह्यात चालणार, वकील तिथे, भेटायला येणारे तिथे. दोनशे किलोमीटरवरच्या तुरुंगात ती सुरक्षित राहील, पण तारखेला बंदोबस्त न मिळाल्यास व्हिडीओवरच हजेरी लागेल आणि वकिलाशी निवांत बोलणे होणार नाही. 2022 मध्ये देशातील बंद्यांपैकी 75 टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते, म्हणजे दोष सिद्ध व्हायचा आहे असे. त्यांच्या बाबतीत बदलीचा हा भुर्दंड जास्त जड पडतो.

राहिली चौथी वाट, आणि व्यवहारात अनेकदा तीच घेतली जाते. रिकामी कोठडी बघायची आणि ‘तुझ्याच सुरक्षेसाठी’ म्हणून तिला तिथे ठेवायचे.

‘सुरक्षेसाठी’ कोठडी म्हणजे काय?

इथे कायद्याचा एक जुना धागा हाताशी आहे आणि तो फारसा वापरला जात नाही. एकांतवास ही भारतीय कायद्यात शिक्षा आहे. आधी भारतीय दंड संहितेचे कलम 73 होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम 11 आहे. ती फक्त न्यायालय देऊ शकते, तीही सक्तमजुरीची शिक्षा झालेल्यालाच, आणि कितीही मोठी शिक्षा असली तरी एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. एका वेळी सलग 14 दिवसांच्या वर ती देता येत नाही. 1978 च्या सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यालाही तुरुंग प्रशासनाने सुरक्षेच्या नावाखाली एकांतवासात टाकता येणार नाही.

आता वरच्या उदाहरणातील ती बाई पाहा. तिचा दोष सिद्ध झालेला नाही. कोणत्याही न्यायालयाने तिला एकांतवास दिलेला नाही. तरी ती दिवसातले 22 तास एका कोठडीत एकटी असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या ‘मंडेला नियमां’च्या व्याख्येप्रमाणे तो एकांतवासच आहे, आणि सलग 15 दिवसांच्या पुढे गेला तर निषिद्ध एकांतवास. कागदावर मात्र त्याचे नाव ‘स्वतंत्र कक्ष’. सूचनेतील पहिले अर्धे वाक्य पाळले, दुसरे अर्धे गाळले, की नेमके हेच होते.

मग फरक ओळखायचा कसा? कोठडीच्या भिंती मोजून तो कळत नाही, दिवसाचे वेळापत्रक पाहून कळतो. बराकी उघडतात तेव्हा तिचे दार उघडते का? ती वाचनालयात, शिवणकामाच्या वर्गात, उपाहारगृहाच्या रांगेत इतरांबरोबर जाते का, की सगळे आत गेल्यावर तिला अर्धा तास अंगणात सोडले जाते? जेवण ती इतरांसोबत घेते की ताट दाराशी येते? रात्री स्वतंत्र आणि दिवसा सोबत अशी व्यवस्था असेल, तर ती राहण्याची सोय आहे. रात्रंदिवस स्वतंत्र असेल तर तिला दुसरे नाव आहे. 1894 च्या जुन्या कायद्यातही कलम 29 नुसार 24 तासांहून अधिक काळ कोठडीत असलेल्या बंद्याला दिवसातून एकदा तरी वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्याच्या हाताखालच्या माणसाने भेटले पाहिजे. ती भेटींची वही तपासली तरी बरेच कळेल.

अमेरिकेने हा प्रश्न थोडा वेगळ्या बाजूने हाताळला होता. पुरुषांच्या तुरुंगात ठेवल्यावर बलात्कार झाल्याची तक्रार करणाऱ्या एका पारलिंगी स्त्रीच्या खटल्यात 1994 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गंभीर धोका माहीत असूनही अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केले, तर ते जबाबदार ठरतात. पुढे तुरुंगातील लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी कायदा झाला आणि 2012 च्या मानकांत असे आले की जागा प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र विचार करून ठरवावी, तिचे स्वतःचे मत गांभीर्याने घ्यावे आणि हा निर्णय वर्षातून किमान दोनदा पुन्हा तपासावा. शेवटचा भाग आपल्या सूचनेत असता तर बरे झाले असते. आपल्याकडे पहिल्या रात्री सोय म्हणून दिलेली कोठडी सुटकेपर्यंत तीच राहू शकते, कारण ती पुन्हा तपासण्याची तारीखच कुठे लिहिलेली नसते.

अत्याचार झालाच तर?

हा भाग कमी लोकांना माहीत आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘लिंग’ या शब्दाच्या व्याख्येत तृतीयपंथीयांचा उल्लेख आला. पण बलात्काराच्या कलम 63 मध्ये पीडित व्यक्ती स्त्रीच आहे. जुन्या संहितेतील कलम 377 संमतीने झालेल्या संबंधांपुरते 2018 मध्ये रद्द झाले होते, मात्र संमतीविना झालेल्या अत्याचारासाठी ते शिल्लक होते. नव्या संहितेत ते आलेच नाही. म्हणजे पुरुषावर किंवा पारलिंगी पुरुषावर बळजबरी झाली, तर त्यासाठी थेट कलम उरलेले नाही. पारलिंगी स्त्रीला कलम 63 मधील ‘स्त्री’ मानायचे का, हा वाद प्रत्येक खटल्यात नव्याने उभा राहू शकतो.

मग उरते 2019 च्या कायद्याचे कलम 18. तो कायदा झाला तेव्हा त्यात तृतीयपंथी व्यक्तीवरील शारीरिक, लैंगिक, शाब्दिक अशा सगळ्या छळासाठी मिळून सहा महिने ते दोन वर्षे इतकीच शिक्षा ठेवली होती. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे, आणि तुरुंगातील कर्मचाऱ्याने ताब्यातील स्त्रीवर केलेला बलात्कार तर कायद्याने अधिक गंभीर मानलेला. वॉरंटवरच्या त्या एका शब्दाचे वजन इथे पुन्हा जाणवते. बराक कोणती हे तर त्याने ठरतेच, पण बराकीत काही घडले तर गुन्हा किती मोठा, हेही त्याच्यावर अवलंबून राहू शकते.

तक्रार कोणाकडे करायची, हा पुढचा प्रश्न. तुरुंगातली तक्रार तुरुंगाच्याच माणसांमार्फत बाहेर जाते. म्हणून बाहेरून येणारी माणसे महत्त्वाची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आणि विधी स्वयंसेवक, कारागृहाला भेट देणारे जिल्हा न्यायाधीश, अभ्यागत मंडळाचे सदस्य यांच्याशी बंदी एकटी बोलू शकली पाहिजे. शिपाई शेजारी उभा असताना झालेल्या ‘काही तक्रार आहे का?’ या संवादाला अर्थ नसतो.

भेटायला कोण येणार?

या बंद्यांच्या बाबतीत मुलाकातीचा प्रश्न वेगळा आहे. अनेकींना जन्मदात्या घराने केव्हाच तोडलेले असते. त्यांचे घर म्हणजे गुरू आणि गुरुबहिणी. तुरुंगाच्या भेटीच्या अर्जात मात्र नाते विचारतात : आई, वडील, पती, भाऊ. ‘गुरू’ हे नाते तिथे बसत नाही. फोनसाठी आधी नोंदवलेले आणि पडताळलेले नंबर लागतात, तिथेही हीच अडचण. केंद्राच्या सूचनेत बाहेरच्या जगाशी संपर्काचा विषय आहे, पण गुरूला कुटुंबीय मानायचे की नाही याचा निर्णय त्या त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर राहतो. भेट नाही म्हणजे कपडे नाहीत, मनिऑर्डर नाही आणि जामीनदार शोधणारेही कोणी नाही. जामीन मंजूर होऊनही आत राहणाऱ्यांत मग अशांची भर पडते. पॅरोल किंवा फर्लो मागताना राहण्याचा पत्ता आणि हमी देणारा नातेवाईक लागतो, तेव्हाही प्रश्न तोच.

ओळख प्रमाणपत्राने यातले काही सुटू शकते. 2020 च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करायचा असतो, वैद्यकीय तपासणीची अट नव्हती आणि 30 दिवसांत प्रमाणपत्र देणे अपेक्षित होते. तुरुंगात असताना अर्ज करायचा असेल तर प्रशासनाने मदत करावी, असे गृह मंत्रालयाने सांगितले आहे. बंद्याकडे ना मोबाइल, ना कागदपत्रे, त्यामुळे ही मदत अधीक्षकाच्या कार्यालयाने केली तरच होते.

रकाना वाढवायचा आणि रकाना पुसायचा

असुरक्षित बंदी फक्त तृतीयपंथी नाहीत. अपंग बंद्यांचे काय होते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. कंपवाताने हात थरथरत असल्याने फादर स्टॅन स्वामी यांनी तळोजा कारागृहात असताना पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून 2020 मध्ये न्यायालयात अर्ज केला होता. 5 जुलै 2021 रोजी, जामिनाची वाट पाहत असतानाच त्यांचे निधन झाले. प्रा. जी. एन. साईबाबा व्हीलचेअरवर असूनही नागपूरच्या कारागृहात अंडा सेलमध्ये होते. 2024 च्या मार्चमध्ये ते निर्दोष सुटले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. तमिळनाडूतील एका अपंग वकिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 15 जुलै 2025 रोजी सांगितले की दाखल होतानाच अपंगत्वाची नोंद घ्या आणि तुरुंगांच्या इमारतींची त्या दृष्टीने तपासणी करा. इथेही सुरुवात दाखल होण्याच्या नोंदीपासून आहे.

नोंदवहीतला रकाना दुसऱ्या बाजूनेही कापतो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांतील जातीवर आधारित कामवाटप आणि बराकवाटप घटनाबाह्य ठरवले, आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितले. राज्यांना नियमावल्या दुरुस्त करायला तीन महिने दिले. एकाच वहीत एक रकाना वाढवायचा आणि एक पुसायचा, असे दोन आदेश विसंगत वाटू शकतात. पण जातीच्या रकान्याचा उपयोग झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे ठरवायला होत होता. लिंगओळखीच्या रकान्याचा उपयोग झडती कोणी घ्यायची, रात्री कुठे झोपायचे, औषध कोणते द्यायचे यासाठी व्हायला हवा. त्याच रकान्यावरून उद्या कोणाला स्वयंपाकघरातून हाकलले किंवा शिवण वर्गात घेतले नाही, तर 2024 च्या निकालामागचे तत्त्व त्यालाही लागू पडेल.

राज्यांनी नियमावल्यांमध्ये सुधारणा करताना काय पाहावे, याचे उत्तर त्यामुळे बरेच नेमके देता येते. ‘स्वतंत्र बराक असेल’ एवढे वाक्य घालून भागणार नाही. दाखल होताना तिला स्वतःला विचारले आणि उत्तर तिच्या सहीने लिहून घेतले का, वॉरंटवरची चूक किती दिवसांत न्यायालयाकडे पाठवायची, दिवसातले किमान किती तास तिने इतर बंद्यांबरोबर घालवायचे, जागेचा निर्णय पुन्हा कधी तपासायचा आणि भेटीच्या अर्जात गुरूला जागा आहे का, हे आकड्यांत आणि तारखांत लिहावे लागेल. ज्या तुरुंगात आज एकही तृतीयपंथी बंदी नाही, तिथल्या नियमावलीतही ते हवे. दाराशी पहिली बंदी येते ती संध्याकाळी, आणि तिला कुठे ठेवायचे हे रात्री कुलूप लावण्याआधी ठरवायचे असते.